पेपरच्या आदल्या रात्री वर्गाला काय पाठवावं?

प्रश्न: यंदा पहिल्यांदाच दहावीचा वर्गशिक्षक झालोय. उद्या मराठीचा पेपर, केंद्र तालुक्याच्या गावी. आज रात्री वर्गाच्या ग्रुपवर मुलांना धीर देणारा मेसेज टाकायचा आहे. सुविचार कोणता टाकू आणि आणखी काय लिहू? जास्त लांब नको.

उत्तर:

सर, सुविचाराचं नंतर बघू. आधी एक सांगा, तुमच्या वर्गाची सगळी मुलं एकाच इमारतीत बसणार आहेत का? हे तुम्ही स्वतः फलक बघून सांगताय, की केंद्राच्या कार्यालयाने फोनवर सांगितलंय म्हणून?

हे का विचारते ते सांगते. आमच्या शाळेचं केंद्रही तालुक्यालाच असायचं. एका वर्षी आदल्या दिवशी दुपारी केंद्राच्या कार्यालयात फोन केला, तर "सगळी मुलं इथेच आहेत, काळजी करू नका" असं उत्तर मिळालं. मी तसंच मुलांना कळवलं. संध्याकाळी तिथे काय ठरलं कोण जाणे, शेवटचे काही सीट नंबर उपकेंद्रावर हलवले. उपकेंद्र म्हणजे स्टँडच्या पलीकडची प्राथमिक शाळा. फोन कुणालाच नाही. मुख्य फाटकावरच्या मोठ्या फलकावर ते नंबर दिसत नव्हते, एवढाच काय तो बदल. उपकेंद्राची चिठ्ठी आत, कार्यालयाच्या खिडकीला चिकटवलेली होती.

साडेदहा होत आले तरी आमची एक मुलगी फलकासमोर उभी राहून स्वतःचा नंबर शोधत होती. आपलं नावच परीक्षेत नाही, असं तिला वाटायला लागलं होतं. खिडकीशी जाऊन विचारलं तर आतले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "हॉल तिकीट नीट वाचायला शिकवत नाही का तुम्ही?" तिच्या हॉल तिकिटावर त्या उपकेंद्राचा उल्लेखच नव्हता. मी ते त्यांच्यापुढे धरलं, तर म्हणाले, "मग चौकशी करायची ना." आदल्या दिवशीचा माझा फोन म्हणजे चौकशीच होती, पण त्या खिडकीशी वाद घालायला वेळ कुठे होता? एका पालकांच्या मोटरसायकलवर बसवून तिला पाठवलं. वेळेत पोहोचली, पेपरही लिहिला. पण हात थरथरत होता म्हणून पहिला उतारा तसाच सोडून दिला, असं नंतर तिने सांगितलं. अख्ख्या वर्षात भाषेच्या तासाला सगळ्यांत पुढे असणारी मुलगी ती. त्या कार्यालयाने नंतर साधं "चुकलं" असंही म्हटलं नाही. असो. अजूनही लिहिताना रक्त तापतं.

तेव्हापासून माझ्या मेसेजची पहिली ओळ सीट नंबर आणि इमारत. बैठक व्यवस्था आदल्या दिवशी लावतात. दुपारी जाऊन आला असाल तरी संध्याकाळी कार्यालय बंद व्हायच्या सुमारास पुन्हा एकदा बघून या, किंवा त्या गावातल्या विश्वासू पालकांना फलकाचा फोटो पाठवायला सांगा. मुलं आपापली "नंबर बघायला" जातातच, पण लांबच्या वाड्यांवरची जात नाहीत, आणि गोंधळ नेमका त्यांचाच होतो.

आता सुविचार. माझं मत जरा कडू लागेल, न पटल्यास सोडून द्या. परीक्षेच्या आदल्या रात्री कष्टाची थोरवी सांगणारा कुठलाही सुविचार मुलांना टोचतो. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" हे जूनमध्ये फळ्यावर लिहायला ठीक आहे. ज्याने अभ्यास केलाय त्याला आज त्याची गरज नाही, आणि ज्याने केला नाही त्याला रात्री आठ वाजता एवढंच कळतं की वेळ गेली. तो मग दोन वाजेपर्यंत जागतो आणि सकाळी पेंगतो. म्हण निवडायचीच तर जिचा पेपर लिहिताना उपयोग होईल अशी निवडा. मी नेहमी एकच वापरते आणि तीही उलटी करून: शितावरून भाताची परीक्षा होते, पेपरची होत नाही. मुलं हसतात, आणि पहिला प्रश्न अडला तर पुढे जायचं हे त्यांच्या लक्षात राहतं. हुशार मुलंच पहिल्या अडलेल्या प्रश्नापाशी वीस मिनिटं बसून राहतात, हे तुम्हीही सराव परीक्षेत बघितलं असेल.

धीर द्यायचा तर तो प्रश्नपत्रिकेतून द्या. "तुम्हाला सगळं येतं" हे मुलांना खोटं वाटतं, कारण आपल्याला काय येत नाही ते त्यांना पक्कं माहीत असतं. मराठी कुमारभारतीचा लेखी पेपर 80 गुणांचा, उरलेले 20 शाळेत होऊन गेलेले. त्या 80 पैकी उपयोजित लेखनाला 24 आणि भाषाभ्यासाला 16, म्हणजे निम्मा पेपर धडे-कविता पाठ असण्यावर अवलंबून नाही. शिवाय गद्य विभागात अपठित उतारा असतो, त्याचं उत्तर समोरच छापलेलं असतं. हे आकडे आपल्याला पाठ असतात म्हणून आपण सांगत नाही, पण रात्री घाबरलेल्या पोराला तेच लागतात.

वेळेचंही स्पष्ट लिहा. 2023 च्या परीक्षेपासून आधी दहा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला देणं बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली. मोठ्या भावंडांचं ऐकून काही मुलांना अजून वाटतं की पेपर 10:50 ला हातात पडेल. पेपर 11 ला मिळतो आणि 2:10 ला संपतो. वर्गात मात्र साडेदहाला असावं लागतं.

माझा मेसेज साधारण असा असायचा. नंबर आणि ठिकाणं तुमची घाला:

> मुलांनो, उद्या मराठीचा पेपर, 11 ते 2:10.
>
> सीट नंबरचे शेवटचे तीन अंक 412 ते 436 असतील तर हायस्कूलची मुख्य इमारत, स्टँडसमोर. 437 ते 451 असतील तर प्राथमिक शाळा, पाण्याच्या टाकीशेजारी. दोन्ही फलक मी आज संध्याकाळी स्वतः बघितले आहेत.
>
> 10 वाजता आपापल्या फाटकाशी या. मी साडेनऊपासून मुख्य फाटकाशी आहे, टाकीजवळच्या शाळेशी आपले पीटीचे सर आहेत.
>
> हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन पेनं, पेन्सिल, पट्टी, साधं घड्याळ, पाण्याची बाटली. आत्ताच पिशवीत भरा. मोबाईल आणि स्मार्ट घड्याळ आत नेता येणार नाही.
>
> हॉल तिकीट घरी राहिलं तर परत पळू नका, आधी मला फोन करा. बस चुकली तरी मला फोन करा.
>
> शितावरून भाताची परीक्षा होते, पेपरची होत नाही. पहिला प्रश्न अडला तर जागा सोडा, पुढचा घ्या, प्रश्नाचा क्रमांक नीट घाला. पत्र, निबंध वगैरे 24 गुणांचं आहे, त्यासाठी शेवटचा एक तास राखून ठेवा.
>
> पेपर फुटल्याचं कुणी काही पाठवलं तर उघडू नका, पुढे पाठवू नका. आता नवीन काही वाचायला घेऊ नका. जेवा आणि दहाला झोपा.

हॉल तिकिटाच्या ओळीबद्दल थोडं. ते शाळेच्या लॉगिनवरून पुन्हा काढता येतं आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने देता येतं, म्हणून मुलाला घरी पळवण्यात अर्थ नसतो. पण त्यासाठी सकाळी शाळेत कुणीतरी हजर हवं आणि वीज हवी. मी वर्गाच्या सगळ्या हॉल तिकिटांच्या झेरॉक्स पिशवीत ठेवायचे. झेरॉक्सवर आत सोडायचं की नाही हे केंद्रसंचालक ठरवतात, प्रत्येक ठिकाणचा अनुभव सारखा नसतो, तेव्हा माझ्या भरवशावर राहू नका. निदान सीट नंबर तरी लगेच सापडतो.

मेसेज पाठवायची वेळ आठच्या आधीची ठेवा. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांकडे, आणि वडील रात्रपाळीला, हे आपल्याकडे किती घरांत असतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांच्याकडे मेसेज पोहोचणार नाही अशी पोरं तुम्हाला तोंडपाठ असतील, त्यांना फोनच करा आणि इमारतीचं नाव त्यांच्या तोंडून वदवून घ्या. मेसेज टाकल्यावर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करून ठेवा. नाहीतर पाच मिनिटांत फुलांचे फोटो, "अति महत्त्वाचे प्रश्न" आणि कुणाच्या तरी काकांचा आशीर्वाद यांच्याखाली तुमचा सीट नंबर गाडला जातो. एका पालकांनी मला यावरून बोलही लावले होते, शुभेच्छा द्यायच्या नाहीत का म्हणून. द्या की, पेपर झाल्यावर द्या.

कॉपीच्या शिक्षांची यादी रात्री पाठवायला शाळेने सांगितली तर ती स्वतंत्र आणि सकाळीच मुलांना वाचून दाखवून टाका. रात्रीच्या मेसेजला जोडू नका. ज्यांनी आयुष्यात चिठ्ठी नेली नाही तीच मुलं ती वाचून खिसे तपासत बसतात.

आणि हा मेसेज पुढच्या पेपरला जसाच्या तसा पुन्हा टाकू नका. गणित आणि विज्ञानाचे भाग 40 गुणांचे, दोन तासांचे, तिथे 1:10 ला पेपर संपतो. 2:10 लिहिलेला जुना मेसेज एखाद्याने खरा धरला तर काय होईल बघा. बैठक व्यवस्थाही प्रत्येक पेपरच्या आधी एकदा विचारून घ्या, आणि फोनवर नको, फलकासमोर उभं राहून.