दिल्या घरी: घर दिलं की मुलगी?

«बहिणीच्या पाठवणीला बाबा म्हणाले, ‘दिल्या घरी सुखी राहा.’ घर तर कुणी दिलं नव्हतं, मग हे ‘दिल्या घरी’ काय? ‘दिलेल्या घरी’ हवं ना? आजी सांगते, हे आपल्या कोंकणीतलंच ‘धूव दिल्या’तलं ‘दिल्या’.»

बाबांचं वाक्य बरोबर आहे, त्यात एक अक्षरही बदलू नका. ‘दिल्या घरी’ म्हणजे ज्या घरी तुला दिली, त्या घरी. दिली ती मुलगी. घर हे तिला दिल्याचं ठिकाण. आपण विचारतोच ना, ‘मुलगी कुठे दिली?’ आणि उत्तर येतं, ‘म्हापशाला दिली.’ तेच ‘देणं’ इथे आहे.

तरी खटकतं, कारण विशेषण घराला चिकटलंय आणि क्रिया घडली मुलीवर. पण मराठीला ही रचना अगदी अंगवळणी आहे. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणं’ घ्या. तिथे घर कुणी खाल्लेलं नसतं; ज्या घरी खाल्लं, ते घर. ‘बसल्या जागी’मध्ये जागा बसत नाही, माणूस बसतो. ‘आल्या पावली परत गेला’ यात ज्या पावलांनी आला, त्याच पावलांनी. कोण, काय, कुठे हे सगळं ऐकणाऱ्याने मनात भरून घ्यायचं, असा या जुन्या शब्दजोड्यांचा बाज आहे. ‘दिल्या घरी’ त्याच पंक्तीतलं.

आता ‘दिलेल्या’ का नाही? जुन्या मराठीत नामाआधी नुसतं ‘-ला’चं रूप चालायचं: आला, गेला, दिला ही विशेषणंही होती. पुढे ही रूपं मुख्यतः वाक्याच्या शेवटी क्रियापद म्हणून स्थिरावली आणि नामाआधी ‘आलेला, गेलेला, दिलेला’ आले. जुनं रूप ठरलेल्या जोड्यांत टिकून राहिलं. ‘गेल्या वर्षी’ आपण रोज म्हणतो आणि त्यात काही जुनं आहे हे जाणवतही नाही. मात्र या साच्यात नवी जोडी घडवता येत नाही. ‘वाचल्या पुस्तकात’ कानाला लगेच बोचतं, तिथे ‘वाचलेल्या’च लागतं.

‘दिलेल्या घरी’ करून पाहिलं तर अर्थच सरकतो. ‘बाबांनी दिलेल्या घरी राहते’ म्हटलं की बाबांनी तिला घर दिलं, असं होतं. पाठवणीच्या वेळी तसं म्हटलं तर वऱ्हाडी चमकून बघतील.

आजीचा कान मात्र मला फार आवडला. गोव्याच्या कोंकणीत ‘धूव म्हापशां दिल्या’ म्हणजे मुलगी म्हापशाला दिली आहे. ‘ती आयल्या’ म्हणजे ती आली आहे, तसंच हे स्त्रीलिंगी क्रियापद. उच्चार तोच, शिवाय विषयही मुलगी देण्याचाच, त्यामुळे ही गल्लत साहजिक आहे. पण बाबांच्या वाक्यातला ‘-ल्या’ मुलीमुळे आलेला नाही, घरामुळे आला आहे. मूळ ‘दिलं घर’. पुढे ‘घरी’ झालं म्हणून ‘दिलं’चं ‘दिल्या’ झालं. ‘बसल्या जागी’ हे पुरुषालाही म्हणतो, त्यावरून ताडून पाहा. कोंकणीत नामाआधीचं रूप वेगळं आहे, तिथे ल जोडाने येतो: ‘दिल्लें घर’, ‘दिल्ल्या घरांत’. आजीला हे म्हणून दाखवा, तिच्या कानाला फरक लगेच कळेल.

आमच्या फोंड्याकडच्या एका लग्नात हे दोन्ही एकाच पायरीवर ऐकलं. माटवाच्या तोंडाशी गाडी उभी होती. वडील, ज्यांनी लग्नाची पत्रिका हौसेने मराठीत छापून घेतली होती, ते ठरवून आल्यासारखे ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणाले. आईने मुलीची ओटी सारखी केली, पदराचं टोक आत खोचलं आणि घरच्या बोलीत म्हणाली, ‘सुखान राव गो.’ तिच्या वाक्यात घरही नव्हतं आणि देणंही नव्हतं.

हल्ली काही मुलींना ‘दिली’ हाच शब्द नको वाटतो. मला त्यांचं पटतं; व्याकरण निर्दोष असलं म्हणून शब्द सोसलाच पाहिजे असं नाही. त्यांच्यासाठी मराठीत ‘सुखानं नांद’ आहेच. ‘नांदणं’ संस्कृतातल्या ‘नन्द्’, म्हणजे आनंदणे, यावरून आलं आहे. त्यात नुसतं राहणं नाही, घर भरलेलं ठेवून राहणं आहे. लिहिताना ‘रहा’ नको, ‘राहा’ लिहा.

त्या पायरीवर मुलगी ‘जाते’ म्हणाली नाही. आपल्याकडे निरोप घेताना ‘येते’च म्हणतात, आणि ती तेच म्हणाली. वडिलांनी पाठ करून आणलेलं वाक्य तोवर संपलं होतं. ते एवढंच म्हणाले, ‘ये.’