मंजुरीनंतरही औषधाबद्दल कळायचं बरंच बाकी असतं

*माझं बी.फार्म. झालंय. ऐरोलीच्या एका कंपनीत फार्माकोव्हिजिलन्सची, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याची, नोकरी मिळतेय. बाबा म्हणतात, औषधाला मंजुरी मिळाली की उरतं ते कारकुनी काम. थांब, हॉस्पिटलमध्ये ट्रायलचं काम शोध. काय करू? — एक विद्यार्थिनी, डोंबिवली*

नोकरी घे, पण एक गोष्ट विचारून. ती शेवटी सांगते.

चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात नवं औषध साधारण 20 ते 100 जणांना, बहुधा निरोगी स्वयंसेवकांना, अगदी कमी मात्रेपासून चढवत देतात. ते माणसाला कितपत झेपतं आणि शरीरात किती वेळ टिकतं, एवढंच बघायचं असतं. दुसऱ्यात थोड्या रुग्णांना देऊन गुण येतो का आणि कोणत्या मात्रेला, हे तपासतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांचे रँडम पद्धतीने गट पाडून प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी, किंवा चालू उपचाराशी तुलना करतात. मंजुरी मुख्यतः याच निकालावर मिळते.

पण हा निकाल कुठे अपुरा पडतो ते ट्रोग्लिटाझोनवरून बघ. मधुमेहाची ही गोळी अमेरिकेत 1997 मध्ये बाजारात आली. तिथल्या चाचण्यांत सुमारे 2,500 जणांनी ती घेतली होती आणि एकाचंही यकृत निकामी झालं नव्हतं. अशा वेळी तीनला रुग्णसंख्येने भागायचं. उत्तर येतं साधारण 830 जणांत एक. म्हणजे एकही घटना दिसली नाही तरी खरा धोका इतका असू शकतो. त्याहून मोठा नाही, एवढंच 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. पुढे लाखो लोकांनी गोळी घेतली, यकृत निकामी होऊन मृत्यू झाले आणि मार्च 2000 मध्ये ती अमेरिकेतून मागे घेतली गेली. खूण मात्र चाचण्यांतच होती: यकृताला इजा झाली की रक्तात एएलटी वाढतं, आणि सुमारे 2 टक्के रुग्णांचं एएलटी वरच्या मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेलं होतं, प्लासिबोवर हेच प्रमाण 0.6 टक्के होतं.

हा चौथा टप्पा, बाजारात आल्यानंतरचा. तुझं काम त्याच्याशी जोडलेलं आहे. समज, परळच्या एखाद्या डॉक्टरांचा रिपोर्ट आला: ‘नवी गोळी सुरू केल्यावर डोळे पिवळे.’ रुग्ण, कळवणारा, औषध आणि त्रास या चार गोष्टी असल्या की ती केस धरली जाते. खरं काम त्यानंतरचं. गोळी कधी सुरू केली? आधीचं एएलटी किती होतं? टीबीची औषधं चालू आहेत का? कावीळ त्यांनीही होते. हेपेटायटिसची तपासणी झाली? गोळी थांबवल्यावर आकडा उतरला का? ही उत्तरं फोन करून मिळवायची आणि केसची हकिकत, म्हणजे नॅरेटिव्ह, नीट लिहायची. ही उत्तरं नसलेले अर्धवट रिपोर्ट शंभर साठले तरी औषध दोषी की नाही, हे ठरवता येत नाही.

म्हणून मुलाखतीत विचार: फ्रेशरला नॅरेटिव्ह लिहायला आणि डॉक्टरांकडे फॉलो-अप करायला देता का, की फक्त फॉर्ममधली माहिती भरायची? फक्त भरायचीच असेल, तर बाबांचं ऐक.