‘म्हणे’ नेमकं कोण म्हणालं?

ताई,
आमच्या टीममधली एकजण दोन महिन्यांत चारदा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेली. परवा जेवणाच्या सुट्टीत ती नसताना मी म्हणाले, ‘‘दुसरीकडे मुलाखती देतेय म्हणे.’’ सगळे हसले. संध्याकाळी मैत्रिणीने मला धरलं.
‘‘ती समोर असती तर बोलली असतीस?’’
‘‘नसते. पण त्यात काय? तिच्या कानावर थोडंच जाणार आहे?’’
‘‘मालकाला कळलं नाही, म्हणजे चोरी झालीच नाही?’’
‘‘अगं, सगळेच बोलतात. मनात वाईट नव्हतं माझ्या.’’
तेव्हापासून आमचा अबोला आहे. चूक कोणाची?
– गोंधळलेली

प्रिय गोंधळलेली,

तुझ्या बाजूचं आधी सांगते. रॉबिन डनबार या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या सहज गप्पा ऐकून मोजल्या, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश वेळ माणसांबद्दलच्या बोलण्यात गेलेला आढळला. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं: कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे. हे सगळं बंद करा म्हणणाऱ्यांबरोबर मला तरी जेवायला बसवणार नाही.

मैत्रिणीचा ‘समोर बोलली असतीस का’ हा प्रश्नही मला फारसा पटत नाही. निरोपाची भेट ठरवतानाही आपण त्या व्यक्तीसमोर गप्प होतो. आणि एखादा वरिष्ठ दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवत असेल, तर नव्याने आलेल्या मुलीला ते त्याच्या पाठीमागेच सांगावं लागतं. तिथे गप्प बसणं हीच चूक. फक्त जे स्वतः पाहिलंय तेवढंच सांगावं, आणि ज्याला गरज आहे त्यालाच.

मला खुपला तो तुझ्या वाक्यातला ‘म्हणे’. कोण म्हणालं होतं तुला? पत्रात तरी कोणी दिसत नाही. तू चार अर्धे दिवस पाहिलेस आणि बाकीचं मनाशी जुळवलंस. ‘मला वाटतं’ म्हणाली असतीस, तर ऐकणाऱ्यांनी तो तुझा अंदाज म्हणून घेतला असता. ‘म्हणे’ने त्या अंदाजामागे एक बिननावाचा साक्षीदार उभा केला. (त्या रजा कशासाठी असतील याचे दोन-तीन अंदाज मीही इथे लिहिले होते. खोडले.)

आता हे वाक्य पुढे कसं जातं ते बघ. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 साली अफवांवरचे प्रयोग मांडले. ऐकलेलं एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत गेलं की बहुतेक तपशील गळतात आणि उरलेले अधिक ठसठशीत होतात. तुझ्या वाक्यातून पहिल्यांदा गळेल तो ‘म्हणे’च. दुसऱ्या तोंडी ‘ती मुलाखती देतेय’ होईल, तिसऱ्या तोंडी ‘ती चाललीय’. मग सहा महिन्यांचं नवं काम येतं. वाटणारा मनात म्हणतो, जाणाऱ्या माणसाला कशाला द्या? काम दुसऱ्याला जातं. यात कोणीही दुष्ट नाही. तिला कारण कोणी सांगत नाही, कारण ते उघड बोलण्यासारखं नसतं. आणि आरोप झालाय हेच माहीत नाही, तर ती उत्तर तरी कसलं देणार? तिच्या कानावर जाणार नाही, ही तुला सबब वाटते. माझ्या मते तिचं नुकसान नेमकं तिथेच होतं. मनात वाईट नव्हतं हे मी मान्य करते, पण त्याने काम तिच्याकडे परत येत नाही.

ती खरोखरच मुलाखती देत असेल तर? तरी ते कधी आणि कोणाला सांगायचं, हे तिने ठरवायचं होतं.

म्हणून माझा कौल मैत्रिणीकडे आहे, तिचा प्रश्न पटला नसला तरी.

आता काय करायचं? लगेच त्या सहकारिणीकडे माफी मागायला धावू नकोस. तुझं मन हलकं होईल, पण ती मात्र रोज त्या टेबलाकडे संशयाने बघत बसेल. जे ऐकायला होते त्यांच्याकडे जा आणि साधंच सांग: ‘‘ते मी मनाचं बोलले. मला कोणी काही सांगितलेलं नाही.’’ बोललेलं पूर्ण पुसलं जात नाही. खोडून काढलेली गोष्टही डोक्यात थोडी उरतेच. पण निदान तो साक्षीदार तरी उठून जाईल. काम वाटणारी व्यक्ती त्या टेबलावर असेल, तर सुरुवात तिथून कर. आणि काम आधीच तिच्या हातून गेलं असेल, तर मात्र तिला सगळं सांगावंच लागेल, तुझ्या नावासकट.

नवं काम कधी वाटलं जाणार आहे, ते तू लिहिलेलं नाहीस. त्याच्या आधी बोल.

– ताई