सहा प्रॉडक्टची यादी आणि एक वही

"मॅडम, माझं सांगलीत आठ वर्षांचं पार्लर आहे. कंपन्यांचे फेसवॉश, सनस्क्रीन विकते तर हातात पंचवीस-तीस टक्के राहतात, वर बायका नाव बघून जातात आणि घरी जाऊन ऑनलाइन स्वस्तात मागवतात. एक जण माझ्या नावाने प्रॉडक्ट बनवून द्यायला तयार आहे, 62 रुपयांचा फेसवॉश 349 ला विकता येईल म्हणतो. काढू का स्वतःचा ब्रँड, की दुसऱ्यांचंच विकत राहू?"

ह्या बाई (नाव देत नाही) माझ्याकडे आल्या तेव्हा सोबत नवरा होता आणि पिशवीत सहा सँपल होती. मी छोट्या धंदेवाल्यांना सल्ला देते, त्यात पार्लरवाल्या बऱ्याच असतात आणि हा प्रश्न आता महिन्याला दोन-तीनदा येतोच. कोटेशन गुजरातच्या एका मॅन्युफॅक्चररचं होतं, फेसवॉश 62, व्हिटॅमिन सी सीरम 95, डे क्रीम 74, सनस्क्रीन 88, टोनर 48, नाईट क्रीम 79, प्रत्येकी किमान 1000 पीस. बेरीज 4,46,000 आणि खाली बारीक अक्षरात टॅक्स वेगळा, म्हणजे 18 टक्के धरून झाले सव्वापाच लाखाच्या वर. दागिने ठेवून पैसे उचलायचं दोघांचं ठरत आलं होतं.

मी आधी मार्जिनचा हिशोब त्यांच्याच बाजूने करून दिला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. पार्लरची उलाढाल साधारण 16 लाख, जीएसटी नंबर घेतलेला नाही, त्यामुळे भरलेला टॅक्स परत मिळणार नाही, तो खर्चच. म्हणजे 62 चा फेसवॉश 73 ला पडतो. 349 छापलं तरी ओळखीच्या कस्टमरला 299 लाच जातो हे त्यांनीच सांगितलं, त्यातून विकणाऱ्या मुलीला दहा टक्के म्हणजे 30 रुपये, टेस्टर-भाड्याचे सहा-सात. उरले 190 च्या आसपास. त्यांच्याकडचा ब्रँडेड फेसवॉशही 349 चाच, तो डीलरकडून 244 ला येतो, सगळं जाऊन साठ-पासष्ट सुटतात. मग एका बाटलीमागे स्वतःचं नाव फायद्याचं आहेच की, ह्यात वाद नाही.

पण बाटल्या जातात किती? हे विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "जातात की बऱ्याच," असं उत्तर आलं. म्हटलं वही आणा. पुढच्या आठवड्यात वही आणली, लाल कव्हरची, अर्धी थ्रेडिंग-वॅक्सच्या उधारीने भरलेली, आणि आम्ही तीन महिन्यांची पानं पेन घेऊन बसून मोजली. एकूण 118 पीस. त्यात 41 सनस्क्रीन, 27 फेसवॉश, बाकीचे पन्नास सतरा वेगवेगळ्या वस्तूंत विखुरलेले, कुठे दोन कुठे तीन. सीरम तर तीन महिन्यांत चार.

म्हणजे फेसवॉश महिन्याला नऊ. हजार पीस संपायला नऊ वर्षांच्या वर लागतात आणि बाटलीवर मुदत असते चोवीस महिन्यांची. बाई म्हणाल्या, मॅडम स्वतःचं असलं की आम्ही जोर लावून विकू. बरं, तिप्पट धरू, महिन्याला 27. दोन वर्षांत 648 जातील, साडेतीनशे बाटल्या तरी उरतात, 73 रुपयांनी पंचवीस हजारांच्या वर, आणि हे सगळ्यात जास्त चालणाऱ्यांतल्या एका मालाचं झालं. टोनर तर त्या वहीत एकदाही नव्हता. ब्रँडच्या मालाचं तसं होत नाही, त्यांचा डीलर मुदत संपायच्या तीन महिने आधी कळवलं तर बदलून देतो, सहा पीस मागितले तर सहाच देतो. पंचवीस-तीस टक्के कमी वाटतात खरे, पण न विकलेला माल डीलरच्या गळ्यात राहतो त्याचे पैसे त्यात धरलेले असतात.

मग नवऱ्याने मधला रस्ता काढला. पाच लिटरचा कॅन मिळतो, तो आणू, आपणच बाटल्या भरू, आपलं स्टिकर लावू, कशाला हजार पीस घ्यायचे. हे मला इतक्या वेळा ऐकायला मिळतं की आता मी लगेच नाही म्हणते. 1940 च्या औषधं आणि सौंदर्य प्रसाधनांच्या कायद्यात विकण्यासाठी भरणं आणि लेबल लावणं हेसुद्धा बनवण्यातच येतं, त्याला एफडीएचं लायसन्स लागतं. पार्लरच्या मागच्या खोलीत ते मिळत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी उघड्या कॅनमधून मगाने भरलेल्या पाण्याच्या टोनरमध्ये काय वाढेल सांगता येत नाही, तेच नंतर कोणाच्या तरी गालावर जातं.

लायसन्स असलेल्या कारखान्याकडून बनवून घेतलं तर आपल्याला वेगळं मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स लागत नाही, पण त्याचं आहे का हे बघायला लागतं. 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे ते सीओएस-8 फॉर्मवर असतं. कॉपी मागायची आणि आपलं प्रॉडक्ट त्यात बसतं का तेही विचारायचं. लेबलवर एम अक्षरापुढे लायसन्स नंबर, बी पुढे बॅच, कधीपर्यंत वापरायचं, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक आणि सगळ्या टॅक्ससकट एमआरपी, हे पाहिजेच. त्या सहा सँपलपैकी चारांवर एम नंबरच नव्हता. "सँपल आहे म्हणून नाही टाकला" असं त्या माणसाने फोनवर सांगितलं, असेलही तसं, पण लायसन्सची कॉपी मागितल्यावर दहा दिवस "पाठवतो" चालू होतं.

सीरमचं मात्र मी तोंडी सांगितलं नाही, करूनच बघायला लावलं. एकाच लॉटच्या दोन बाटल्या, एक फ्रीजमध्ये ठेवा, एक रिसेप्शनच्या शेल्फवर जिथे दुपारचं ऊन येतं तिथे, आणि रोज झाकण उघडून टेस्टरसारखी वापरा. एप्रिल होता, सांगलीचा उन्हाळा माहितीच आहे. पाचव्या आठवड्यात त्यांनी दोन्ही बाटल्यांचा फोटो पाठवला, फ्रीजमधली पाण्यासारखी, शेल्फवरची कोऱ्या चहाच्या रंगाची. साधं व्हिटॅमिन सी हवा-उजेड-उष्णतेने ऑक्सिडाइज होतं, मग ते काम करत नाही आणि काहींना चुरचुरतंही. मोठे ब्रँड गडद काच, वेगळा पंप, वेगळ्या प्रकारचं व्हिटॅमिन सी असं करून हे सांभाळतात, 95 रुपयांत ते बसत नाही. सनस्क्रीनचं पण तेच, बाटलीवर एसपीएफ 50 छापायला खर्च काही नाही, पण तो आकडा त्या ठराविक फॉर्म्युल्याच्या टेस्टवरून यायला हवा, तो रिपोर्ट मागितला की छोटे लोक गडबडतात. त्यामुळे सगळ्यात जास्त खपणारी गोष्ट असूनही सनस्क्रीन ब्रँडचंच ठेवा असं मी सांगते, पटो न पटो.

(ह्यात एक मजा झाली. बाई एका लग्नाच्या ऑर्डरसाठी मिरजेला दुसऱ्या पार्लरमध्ये गेल्या तर तिथे बेसिनवर त्यांच्या सँपलमधलाच फेसवॉश, तोच वास, तोच रंग, फक्त नाव वेगळं. कारखान्याचा एकच बेस वीस जणांना जातो, फॉर्म्युला त्याचाच असतो, उद्या कारखाना बदलला तर आपल्या ब्रँडचा वास पण बदलतो.)

तर मग काय काढायचं? मी वहीतली दुसरी पानं उलटली, सर्व्हिसची. वॅक्सचे कस्टमर महिन्याला 140 च्या आसपास, प्रत्येकीला शेवटी गार जेल लावतात, ते बाजारातून विकत आणलेलं. म्हणजे ही एकच वस्तू अशी की कस्टमरने घेतली नाही तरी पार्लर स्वतः संपवतं. शिवाय बाई टेबलावर असते, पाय लाल झालेले असतात, जेल लावल्यावर गार वाटलेलं तिला लगेच कळतं, आणि ते जेल ऑनलाइन दुसऱ्या दराने सापडतच नाही. ऑनलाइन स्वस्तात मागवतात ही तक्रार निदान एवढ्या एका बाटलीपुरती तरी मिटते.

पुण्याकडचा एक लायसन्सवाला 300 पीस द्यायला तयार झाला, दर महाग, 88 रुपये, पण प्लेन पंप बाटली आणि स्टिकर, म्हणून एवढ्या कमीत जमलं, छापील ट्यूब म्हटलं की आकडा हजारांत जातो. 26,400 आणि टॅक्स 4,752, एकूण 31,152. दागिने घरातच राहिले. नावाचा ट्रेडमार्क क्लास 3 मध्ये टाकला, एका माणसाच्या नावाने ऑनलाइन 4,500 फी, अर्ज केला की टीएम लिहिता येतं, गोलातला आर मात्र रजिस्टर झाल्यावरच. मार्केटेड बाय म्हणून पार्लरचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापला, तेव्हा बाई जरा गप्प झाल्या. ब्रँडच्या क्रीमने कोणाला पुरळ आलं तर कंपनीचा नंबर देऊन मोकळं होता येतं, इथे फोन आपल्यालाच येणार. म्हणून पहिले दोन महिने प्रत्येकीच्या हातावर लावून, नाव आणि बॅच वहीत लिहूनच बाटली द्यायची असं ठरलं.

एक गोष्ट अजून त्यांच्या लक्षात नव्हती, जीएसटीची 20 लाखांची मर्यादा सर्व्हिस आणि माल मिळून मोजतात. 16 लाखांवर सहा प्रॉडक्टचा धंदा खरंच चालला असता तर नंबर घ्यावा लागला असता, मग थ्रेडिंगवर पण 5 टक्के लावा (22 सप्टेंबर 2025 पासूनचा दर, इनपुट क्रेडिट नाही) आणि क्रीमवर 18. नवऱ्याच्या कागदावर ह्याचा रकानाच नव्हता.

आता पुढे काय झालं ते. साठ बाटल्या पार्लरच्या वापराला वेगळ्या ठेवल्या, बाकी 240 विकायला, 220 रुपयांना. पहिल्या तीन महिन्यांत 71 गेल्या. 14 बाटल्या येतानाच पंपातून गळल्या, आणि स्टिकर तेलकट हाताने पुसट व्हायला लागलं, बॅच नंबरच वाचता येईना. मॅन्युफॅक्चररने गळलेल्या बदलून दिल्या कारण खोके उघडतानाचा व्हिडिओ काढला होता, नसता काढला तर भांडत बसलो असतो. दुसऱ्या लॉटला लॅमिनेटेड स्टिकर आणि पंपाला लॉक असं लिहून घेतलंय, पीस परत 300 च.

फेसवॉश आणि सनस्क्रीन अजून डीलरकडूनच येतं, फक्त सतराचे सहा केले आणि ज्या दोन ब्रँडचा माल पार्लरमार्फतच विकला जातो ते ठेवले. मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, लिप बाम काढू का, थंडी येतेय. मी विचारलं मागच्या थंडीत किती विकले. अजून रिप्लाय नाही, वही शोधत असतील.