स्लाइड नाहीत, तीन मिनिटं आहेत आणि गोष्ट संपत नाहीये

"मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजचं तापमान सतत नोंदवणारं आणि गडबड झाली की फोनवर कळवणारं यंत्र आम्ही तिघांनी बनवलंय. पुढच्या महिन्यात इन्व्हेस्टर्ससमोर तीन मिनिटं बोलायचंय, स्लाइड चालणार नाहीत, गोष्ट सांगा म्हणतात. माझी गोष्टच दोन मिनिटांत संपत नाही, मग धंद्याचं कधी बोलू? स्क्रिप्ट जोडलीये."

स्क्रिप्ट मोठ्याने वाचून बघितली. समोरच्याला नीट कळेल अशा वेगाने मराठी बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे तुझ्या हातात फार तर तीनशेसाठ शब्द आहेत, आणि त्यातलेही थोडे सोडून दे कारण स्टेजवर माणूस थांबतो, अडखळतो. तुझे पहिले दीडशे शब्द तुम्ही तिघं कसे भेटलात आणि आयडिया कशी सुचली यातच गेलेत. ते सगळं काढ. गोष्ट तुमची नकोच, ज्याचं नुकसान होतंय त्याची हवी.

ती तुझ्याच स्क्रिप्टच्या चौथ्या पॅरात लपलीये बघ, मी फक्त वर आणते: "सोमवारी सकाळी नर्स फ्रिज उघडते. थर्मामीटर पाच डिग्री दाखवतोय. लसीला दोन ते आठ लागतं, म्हणजे सगळं ठीक. पण शनिवारी रात्री लाइट गेली होती आणि परत कधी आली ते कुणालाच माहीत नाही. बाहेर एक आई बाळाला घेऊन बसलीये. लस द्यायची की फेकायची?" चाळीसेक शब्दच आहेत, अर्धं मिनिटही नाही. प्रॉब्लेम समजवायला वेगळी स्लाइड लागतच नाही, थर्मामीटर आत्ताचं सांगतो, रात्रीचं नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

आता खरी अडचण. नर्स तुझं यंत्र वापरेल, पण पैसे ती देणार नाही, आणि तुझी गोष्ट तिच्यापाशीच थांबते. मग पुढे "आमचे ग्राहक खाजगी दवाखाने" असं म्हणतोस तेव्हा ते हवेतून आल्यासारखं वाटतं. म्हणून गोष्टीत अजून एक वाक्य घाल: नर्स डॉक्टरांना फोन करते आणि डॉक्टर म्हणतात, सगळा साठा टाकून दे. झालं, पैसे देणारा माणूस गोष्टीत आला आणि त्याचं नुकसानही आलं. इथून धंद्यावर जायला एकच वाक्य पुरतं, "त्या सोमवारी डॉक्टरांचं एवढं नुकसान झालं, आमच्या यंत्राला वर्षाला एवढे लागतात." हे दोन आकडे सांग आणि क्षणभर गप्प बस. स्लाइड नसली की आकडे कानात दोन-तीनच राहतात, तुझ्या स्क्रिप्टमध्ये मी अकरा मोजले. मार्केट साइजचे टक्के वगैरे प्रश्नोत्तरांसाठी ठेव, विचारतीलच.

अजून एक, तापमान नोंदवणारे डेटा लॉगर बाजारात आधीपासून आहेत आणि समोरच्याला ते माहीत असणार. मग तुमचं काय वेगळं? नुसती नोंद सोमवारी वाचून उपयोग काय, तोवर व्हायचं ते झालेलं असतं, तुमचं यंत्र शनिवारी रात्रीच फोनवर सांगतं. हे फीचर म्हणून सांगू नकोस, तीच रात्र परत सांग, या वेळी यंत्र लावलेलं आहे असं. आणि लाइट गेली की बऱ्याचदा वायफायही जातं, तेव्हा मेसेज कसा जातो, बॅटरी आणि सिमकार्ड आहे का, हे त्यातच एका वाक्यात येऊ दे, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल.

शेवटची वीस-पंचवीस सेकंद मागणीची, ती मात्र पाठ कर, बाकी पाठ नसलं तरी चालेल. किती पैसे, किती महिन्यांसाठी आणि तेवढ्यात काय सिद्ध होणार. म्हणजे "बारा महिन्यांत पन्नास दवाखान्यांत यंत्र बसवू आणि त्यातले किती जण दुसऱ्या वर्षी स्वतःहून पैसे भरतात ते दाखवू" असं काहीतरी. "आम्हाला तुमचा सपोर्ट हवाय" हे वाक्य मी खोडलंय.

प्रॅक्टिस मित्रांसमोर नको, त्यांना सगळं आधीच माहितीये. ज्याला यातलं काहीच माहीत नाही अशा कुणालातरी एकदाच ऐकव आणि दुसऱ्या दिवशी विचार, पैसे कोण देतं, का देतं आणि मी किती मागितले? त्याला फक्त बाळ आणि नर्स आठवली तर गोष्ट अजून लांब आहे किंवा डॉक्टर उशिरा येताहेत.

आणि हा सोमवार खरा घडलेला आहे ना? दोन-तीन दवाखान्यांत ऐकलेलं जोडून केला असशील तर "असं आम्ही ठिकठिकाणी ऐकलं" असं सरळ म्हण, कारण "हा कुठला दवाखाना, आम्हाला बोलता येईल का डॉक्टरांशी?" हे विचारणारा एकजण असतोच. खरा असेल तर त्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारून ठेव, नंबर दिला तर चालेल का ते.