सोसायटीच्या फलकावरचं परिपत्रक

प्रश्न: मी रायपूरहून वरुडला नवीनच आलो. फोटोतल्या नोटीशीत ‘देखभाल शुल्क थकल्यास द.सा.द.शे. 18 व्याज’ आणि ‘पाणीपुरवठा दिवसाआड’ लिहिलंय. पैसे थकले तर पाणी बंद होणार का?

उत्तर: नाही, या दोन वेगळ्या सूचना आहेत. ‘दिवसाआड’ म्हणजे एक दिवस सोडून एक दिवस, आणि तेही सगळ्यांच्याच घरी. ‘द.सा.द.शे.’ म्हणजे दर साल दर शेकडा, वर्षाला शंभरावर 18 रुपये. तुमचे 1,200 रुपये महिनाभर थकले तर व्याज फक्त 18 रुपये होतं. 18 टक्के म्हणून 216 भरून बसू नका. आमच्या सोसायटीचे हिशेब मीच लिहितो, तिथे नवे लोक इथेच चुकतात. मात्र व्याजाचा दर सर्वसाधारण सभेत ठरलेला असावा लागतो, तेव्हा सचिवांकडे ठराव पाहून घ्या. पाण्याची वेळही त्यांनाच विचारा, फोटोत ती शिक्क्याखाली झाकली गेली आहे.