एका कंपनीतून एकच माणूस: उत्तर कोणाकडून घ्यायचं, आणि ते तपासायचं कसं?

प्रश्न: पीएचडीसाठी चाकण-भोसरीतल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचा सर्व्हे करतोय. विषय: मोठ्या गिऱ्हाईक कंपन्यांशी त्यांचे संबंध. प्रत्येक कंपनीतून एकच जण फॉर्म भरणार. मालकाला विचारू की एचआरला? आणि तो सांगतो ते भरवशाचं आहे हे कसं कळणार?

उत्तर:

हुद्दा बघून माणूस ठरवू नका, तुमचे प्रश्न बघून ठरवा. तो स्वतःबद्दल नाही, कंपनीबद्दल सांगणार आहे. म्हणून ज्याच्या टेबलावरून तो विषय रोज जातो, तो माणूस हवा. भोसरीतल्या वीस-पंचवीस कामगारांच्या युनिटमध्ये दर ठरवणं आणि माल पाठवणं दोन्ही बहुतेक मालकच बघतो, तिथे त्यालाच विचारा. चाकणच्या दोन-तीनशे माणसांच्या कंपनीत मालकाला वर्षाचा दर करार माहीत असतो. पण शेड्यूल बदलणं, माल परत येणं, डेबिट नोट हे सगळं मार्केटिंग हेड किंवा प्लांट हेडकडे असतं. एचआर या विषयात जवळजवळ कधीच उपयोगाचा नाही. तरी फॉर्म तिकडेच जातो, कारण वेबसाइटवर ईमेल त्यांचाच असतो.

ब्लूम आणि व्हॅन रीनन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीतल्या 732 उत्पादन कंपन्यांच्या व्यवस्थापनाचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी मुद्दाम प्लांट मॅनेजर निवडले होते: सगळं चित्र दिसेल इतका वरचा, पण रोजच्या कामापासून तुटलेला नाही. त्यांतल्या 64 कंपन्यांमध्ये दुसऱ्या मॅनेजरची मुलाखत दुसऱ्याच मुलाखतकाराने घेतली, तेव्हा दोन्ही मुलाखतींतून व्यवस्थापनाला मिळालेल्या गुणांचा सहसंबंध 0.734 आला.

फॉर्म पाठवण्याआधी फोन करा आणि "इनचार्ज कोण?" असं विचारू नका. विचारा, "गिऱ्हाईकाचं शेड्यूल अचानक बदललं तर पहिला फोन कोणाला येतो?" जे नाव येईल, तो तुमचा माणूस.

फॉर्मच्या शेवटी तीन गोष्टी घ्या: या कंपनीत किती वर्षं, या गिऱ्हाईकाचं काम किती वर्षं बघताय, आणि प्रत्येक विभागातल्या प्रश्नांची माहिती 1 ते 7 मध्ये किती. शेवटचा प्रश्न विभागवार असणं महत्त्वाचं, कारण डिलिव्हरीवर 7 देणारा माणूस दरांच्या वाटाघाटीवर 3 देऊ शकतो. कितीच्या खालचं उत्तर वगळायचं (मी 4 धरतो), ते डेटा येण्याआधीच लिहून ठेवा.

क्रोनबॅक अल्फा 0.9 आला म्हणून निर्धास्त होऊ नका. एकच माणूस सगळ्या प्रश्नांना सारखंच गोड उत्तर देत असेल तरी अल्फा उत्तम येतो. सगळे प्रश्न एकमेकांशी जुळतात का एवढंच अल्फा सांगतो, माणसाला माहिती आहे का हे नाही. त्यासाठी निदान काही कंपन्यांतून दुसरा माणूस लागतोच. एकूण 120 कंपन्या असतील तर 30-40 चिठ्ठ्या टाकून निवडा. जिथे दुसरा सहज मिळाला तेवढ्याच घेतल्या, तर आधीच मनमोकळ्या कंपन्या हाती येतात.

एकमत मोजायचं सूत्र:

```
r_wg = 1 - (s² / σ²),   σ² = (A² - 1) / 12
```

s² म्हणजे एका कंपनीतल्या उत्तरांचं विचरण, σ² म्हणजे सगळे पर्याय सारख्याच प्रमाणात निवडले गेले तर येणारं विचरण, A म्हणजे पर्यायांची संख्या. 7 पर्याय असले तर σ² = 4. "गिऱ्हाईक अडचणीत सांभाळून घेतो" याला मार्केटिंग हेडने 6 आणि क्वालिटी हेडने 5 दिले, तर s² = 0.5 आणि r_wg = 0.875. ठीक आहे. 6 आणि 3 दिले तर s² = 4.5, उत्तर उणे 0.125 येतं, ते शून्य धरतात. इथे सरासरी 4.5 काढून पुढे जाऊ नका, ती दोघांपैकी कोणाचंच म्हणणं नाही. आणि सगळ्याच कंपन्या 6-7 देत असतील तर r_wg फुगतो. म्हणून सोबत ICC(1) काढा, म्हणजे कंपनी-कंपनीत खरंच फरक दिसतो का ते कळेल.

जिथे तफावत आहे तिथे आधी कारण शोधा. क्वालिटीवाल्याच्या वाट्याला फक्त तक्रारी येतात, तो कमीच देणार. दोघांची वेगवेगळी उत्तरं हातात आल्यावरच, तेवढ्या दोन-तीन प्रश्नांवर त्यांना एकत्र बोलतं करा. आधीच एकत्र बसवलं तर ज्युनिअर साहेबांच्या होला हो करतो.

जे कागदावर आहे त्यासाठी मतावर विसंबू नका. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर उलाढाल कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर एओसी-4 फॉर्मसोबतच्या नफा-तोटा पत्रकात फी भरून बघता येते. भागीदारी फर्मची तिथे मिळणार नाही. वेळेवर डिलिव्हरी किती, हे गिऱ्हाईकाच्या मासिक व्हेंडर रेटिंगमध्ये असतं, ते बघायला मागा.

दोन माणसांच्या कंपन्यांत डिलिव्हरीचे प्रश्न जुळले आणि विश्वासाचे नाही जुळले, तर एकाच माणसाच्या कंपन्यांमधले विश्वासाचे प्रश्न मुख्य विश्लेषणातून काढा आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.